‘अमर्यादित’ प्लॅनचा वेग मध्येच उतरला तर?

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडचे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. पत्रकावर ‘१०० एमबीपीएस, अमर्यादित डेटा’ एवढंच होतं. वीस तारखेनंतर मुलांचे ऑनलाइन क्लास अडकतात. कंपनी म्हणते, ६०० जीबीनंतर वेग २ एमबीपीएस होतो, वेबसाइटवर लिहिलंय. ही फसवणूक नाही का? – वाचक, नाशिक

उत्तर : मर्यादा ठेवणं बेकायदेशीर नाही, ती दडवणं आहे. ‘ट्राय’ने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपन्यांना बजावलं आहे की किती डेटापर्यंत कोणता वेग आणि त्यानंतर किती, हे वेबसाइटवर तर द्यायचंच, जाहिरातीतही द्यायचं. म्हणून ‘वेबसाइटवर आहे’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. तुमच्या दाव्याचा कणा ते पत्रक आहे, ते जपून ठेवा. सोबत पैसे भरल्याची पावती आणि कंपनीच्या आजच्या वेबपानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

आधी वेग मर्यादेमुळेच उतरतो याची खात्री करा. राउटरला केबलने लॅपटॉप जोडून सकाळी, रात्री नऊला आणि मध्यरात्री वेग मोजा. तिन्ही वेळा आकडा २ च्या आसपास आणि नवं बिलचक्र सुरू होताच पूर्ववत झाला, तर कारण मर्यादाच. फक्त संध्याकाळी वेग पडत असेल तर लाइनवर गर्दी आहे. ती तक्रार वेगळी.

मग कंपनीकडे लेखी तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागा, ही मागणी वाजवी आहे. तिथेही नकार आला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मात्र दोन वर्षांच्या आत जा.

नवा प्लॅन निवडताना वेगाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. पूर्ण वेगाने ६०० जीबी अवघ्या १३ तास २० मिनिटांत संपतात! इतका सलग वापर घरात होत नाही, पण एचडी व्हिडिओला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. म्हणजे ६०० जीबीत २०० तास, रोजचे पावणेसात तासही नाहीत. दोन मुलं आणि टीव्ही असलेल्या घरात ते सहज संपतात.

म्हणून कंपनीच्या ॲपमधला मागच्या तीन महिन्यांचा वापर पाहा. समजा तो ९०० जीबी आहे. तर ६०० रुपयांच्या ६०० जीबीवाल्या प्लॅनपेक्षा ६५० रुपयांचा, ५० एमबीपीएसचा पण ३,३०० जीबीचा प्लॅन तुम्हाला स्वस्त पडेल, कारण महिनाभर वेग टिकेल. दोन्ही किमतींत १८ टक्के जीएसटी आणि जोडणीचा खर्च धरलाय का, तेही विचारा. उत्तर ईमेलवर मागा.