फोटो गेले, स्लाइड शब्दांत कशी मांडायची

नमस्कार, वडोदऱ्याच्या पाणीपुरवठ्यावरच्या सेमिनारचे फोटो उडालेत, पण तुमच्या वहीत टिपणं आहेत ना? मग एकेक स्लाइड लिहून काढता येईल. आधी शीर्षक लिहा, जसं होतं तसंच, शुद्धलेखनाची चूक असली तरी. मग मुद्दे किती होते आणि कुठला कुणाच्या पोटात होता, ते लिहा. रंग आणि पार्श्वभूमी शेवटी, एका ओळीत पुरे.

खरा वेळ आकृतीला द्या. "पाण्याचा फ्लोचार्ट होता" एवढ्याने काही कळत नाही. असं लिहा: "डावीकडून उजवीकडे चार चौकटी: आजवा सरोवर, निमेटा शुद्धीकरण केंद्र, टाकी, शहर. प्रत्येकीतून पुढच्या चौकटीकडे एक बाण. टाकीखालचा आकडा पुढच्या माणसाच्या डोक्याआड, वाचता आला नाही."

नवखे इथेच चुकतात: झाकलेला आकडा स्वतःच्या माहितीतून भरतात. तो बरोबर असला तरी स्लाइडवरचा नसतो. दिसलेलं, आठवलेलं आणि अंदाजाचं वेगवेगळं नोंदवा.

आणखी एक. बाजूच्या खुर्चीवरून काढलेल्या फोटोत पडद्याची जवळची कड मोठी दिसते, त्यामुळे स्तंभालेखात जवळचे स्तंभ खोटे उंच वाटतात. उंची आठवून तुलना करू नका. स्तंभावर छापलेला आकडा टिपला असेल तरच लिहा.

सध्या एकच स्लाइड घ्या. लिहून झालं की फोटो न पाहिलेल्या कुणाला तरी त्यावरून आकृती काढायला सांगा. बाण चुकला, तर तुमचं ते वाक्य दुरुस्त करा.