बायवीकली म्हणजे नक्की कधी? फ्लॅटच्या टोकनआधी हे ठरवा

"सर, मी भांडुपला राहते. एप्रिलपासून एका अमेरिकन कंपनीचं घरून काम करते, कॉन्ट्रॅक्टवर. पे बायवीकली ६०,०००. आत्तापर्यंत १० एप्रिल, २४ एप्रिल, ८ मे, २२ मे असे चार पे झाले, म्हणजे वर्षाला २६, महिन्याला सरासरी १,३०,००० धरले. घरखर्च ३८,०००. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फिजिओ घरी येतो, तोही बायवीकली, ८०० रुपये व्हिजिट, त्याचे १,७०० धरले. मुलुंडला वन बीएचके बघितलाय, ईएमआय ६८,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला. हातात २२,००० उरतात. टोकन देऊ का?"

ताई, टोकन आत्ता देऊ नका, दोन आठवडे थांबा. फ्लॅट वाईट आहे म्हणून नाही, तुमच्या हिशोबात एकच शब्द दोन ठिकाणी आलाय आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा असायची दाट शक्यता आहे म्हणून.

बायवीकलीचे इंग्रजी डिक्शनरीतच दोन अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. आपल्या मराठीत ही भानगड कमी आहे, 'दिवसाआड पाणी' म्हटलं की कोणी गोंधळत नाही, तसं 'आठवड्याआड' म्हटलं की संपलं. पण 'पंधरा दिवसांनी' म्हटलं की परत घोळ, कारण आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो आणि 'पंधरा दिवसांनी ये' म्हणजे चौदाव्या दिवशी, त्याच वाराला ये, पण ऑफिसातला माणूस पंधरवडा म्हणाला की त्याच्या डोक्यात १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असतं. बँकांच्या कायद्यातसुद्धा पंधरवडा आधी शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत धरायचे, २०२५ च्या दुरुस्तीने तो १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा केला. कायद्याला व्याख्या लिहावी लागते, तर आपण गृहीत कसं धरायचं?

आधी तुमचा पे. अमेरिकन पेरोलमध्ये बायवीकली म्हणजे दर चौदा दिवसांनी, वर्षाला २६. महिन्यातून दोनदा असेल तर त्याला ते सेमी-मंथली म्हणतात, वर्षाला २४. पण कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा माणूस पेरोलवाला असेलच असं नाही, आणि बोलताना लोक दोन्हीला सर्रास बायवीकली म्हणतात. तुम्ही म्हणाल चार पे बघितले, चारही शुक्रवार, बरोबर चौदा दिवसांचं अंतर, आता काय शंका? मलाही आधी तसंच वाटलं, मग कॅलेंडर उघडून बसलो. समजा कंपनीचा नियम '१० आणि २५ तारखेला, सुट्टी आली तर आधीच्या कामाच्या दिवशी' असा आहे. १० एप्रिल शुक्रवार. २५ एप्रिल शनिवार, म्हणून २४ ला. १० मे रविवार, म्हणून शुक्रवारी ८ ला. २५ मे सोमवार, पण तो अमेरिकेतला मेमोरियल डे, मेचा शेवटचा सोमवार, तिकडे सुट्टी, म्हणून शुक्रवारी २२ ला. बघा, चारही तारखा जशाच्या तशा जुळल्या! म्हणजे तुमच्याकडच्या चार तारखांवरून २४ की २६ हे सांगताच येत नाही.

फरक पाचव्या पेला कळेल. चौदा दिवसांचं चक्र असेल तर पुढचा पे ५ जून, शुक्रवार. १० आणि २५ चं असेल तर १० जून, बुधवार. खूण साधी आहे, वार कायम आणि तारीख सरकते तर दोन आठवड्यांचं चक्र, तारीख कायम आणि वार बदलतो तर महिन्यातून दोनदा. तारीख पे स्लिपवरची बघा, बँकेत जमा झालेली नको, कारण तिकडे शुक्रवारचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते आणि पैसे इथे यायला सोमवार-मंगळवार उजाडतो. आणि कंपनीला "बायवीकली म्हणजे काय" असं विचारू नका, "हो बायवीकलीच" असं उत्तर येईल. वर्षभराचं पे कॅलेंडर मागा, तारखांसकट.

आता फिजिओ. तिथे बहुतेक उलटं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओ दोन आठवड्यांतून एकदा येऊन काय करणार? बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा असणार. बाबांना विचारा, तो कुठल्या वारी येतो हे त्यांना पक्कं माहीत असेल. आणि दुधाचे खाडे जसे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो तशी त्याच्या प्रत्येक व्हिजिटची फुली मारा, दोन आठवड्यांत चार फुल्या आल्या की विषय संपला. तसं असेल तर वर्षाच्या हिशोबाने १०४ व्हिजिट, महिन्याला १,७०० नाही, जवळजवळ ७,०००. अर्थात हा खर्च कायमचा नाही, किती महिने चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता परत मांडू. पे २६ निघाले तरी मी महिन्याला दोनच धरेन, १,२०,०००, कारण वर्षात दहा महिने दोनच येतात आणि तिसरा पे फक्त दोन महिन्यांत येतो, या चक्रात यंदा जुलैमध्ये, ३, १७ आणि ३१ ला. सरासरी १,३०,००० कागदावर बरोबर आहे पण ईएमआय सरासरीतून कापला जात नाही. १,२०,००० मधून ६८,०००, ३८,००० आणि ७,००० गेले की उरतात ७,०००, तुम्ही धरलेले २२,००० नाहीत. त्यात कॉन्ट्रॅक्टवर असल्यामुळे ती कंपनी इथला टीडीएस कापत नसणार, टॅक्स किती बसेल ते सीएकडून काढून घ्या आणि तोवर ते जादाचे दोन पे, आले तर, त्यासाठी बाजूला ठेवा.

५ तारखेचंही बघा. ५ जुलै रविवार आहे आणि खात्यातून हप्ता आपोआप कापणारी बँकांची 'नाच' (NACH) यंत्रणा ऑगस्ट २०२१ पासून रविवारीसुद्धा चालते, म्हणजे हप्ता रविवारी कापला जाऊ शकतो, पण ३ जुलैचा पे तोवर तुमच्या खात्यात पोचलेला नसणार. चौदा दिवसांच्या चक्रात पेची तारीख सरकत राहते त्यामुळे ईएमआयची कुठलीही तारीख निवडली तरी एखाद्या महिन्यात असं होणारच. म्हणून एक पूर्ण हप्ता त्या खात्यात कायम पडून हवा, तो डाउन पेमेंटमध्ये घालू नका.

माझं मत विचाराल तर ६८,००० नको. ५२,००० पर्यंतचा हप्ता बसेल असं बघा, डाउन पेमेंट वाढवून किंवा किंमत खाली आणून, मग फिजिओ धरूनही २३,००० उरतात, जवळपास तुम्ही धरले होते तेवढेच. ब्रोकर घाई करेल, त्याला १० जूननंतर सांगते म्हणा. ५ जूनची पे स्लिप आली तर २६, नाही आली आणि १० ची आली तर २४, आणि काय आलं ते मला कळवा, मग हप्त्याचा आकडा आपण परत बसून काढू.