भरतीच्या निकालाच्या व्हिडिओला शीर्षक आणि वर्णन कसं द्यावं?

«पोलीस भरतीच्या याद्या आल्या की व्हिडिओ करतो. शीर्षकात ‘निकाल जाहीर’ नाही लिहिलं तर कोणी बघत नाही, आणि लिहिलं तर खाली मुलं चिडतात. काय लिहावं?»

आधी जी यादी आली तिचं नाव कागदावर छापलंय तसंच घ्या. पोलीस शिपाई भरतीत मैदानीच्या 50 गुणांची यादी वेगळी, लेखीची उत्तरतालिका वेगळी, लेखीचे गुण वेगळे, तात्पुरती आणि अंतिम निवड यादीही वेगळी. शिवाय हे सगळं घटकनिहाय निघतं. नाशिक ग्रामीणची मैदानी यादी आली आणि तुम्ही ‘पोलीस भरती निकाल जाहीर’ लिहिलंत, तर सोलापूरचा मुलगा धावत येतो आणि त्याच्या कामाचं काहीच नसतं. तो चिडणारच.

समजा हीच यादी आहे, तर शीर्षक असं करा:

```
नाशिक ग्रामीण पोलीस शिपाई 2022-23: मैदानी गुण यादी आली, लेखी बाकी
```

यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं, पण मोबाईलवर शेपूट कापली जाते. म्हणून घटकाचं नाव पुढे हवं. वर्ष जाहिरातीतलंच लिहा: 2022-23 च्या भरतीची मैदानी जून 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा नुसतं ‘2024’ लिहिलं की कोणती भरती ते कळत नाही.

वर्णन न उघडता फार तर त्याच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात. पहिलीत यादी कोणती आणि कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाली, दुसरीत काय अजून आलेलं नाही. मग अधिकृत संकेतस्थळाच्या त्या पानाची लिंक द्या. थेट पीडीएफची नको, कारण सुधारित यादी आली की जुनी फाईल काढली जाऊ शकते आणि लिंक मरते.

‘आज’, ‘उद्या’, ‘शेवटची संधी’ हे शब्द शीर्षकात आणि थंबनेलवर टाळा. व्हिडिओ तीन महिन्यांनी शोधात वर आला तरी ‘आज’ तसाच राहतो. घाई खरी असेल, म्हणजे उत्तरतालिकेवर हरकतीची मुदत असेल, तर सूचनेतली तारीख आणि वेळ जशीच्या तशी लिहा. एवढी घाई पुरेशी असते.

टॅगमध्ये बाकीच्या जिल्ह्यांची नावं भरू नका. टॅगचा शोधात फारसा उपयोग नसतो असं यूट्यूबच सांगतं, आणि व्हिडिओत नसलेल्या गोष्टींची नावं ही दिशाभूल धरली जाते. थंबनेलवर यादीचा फोटो लावत असाल तर उमेदवारांची नावं आणि जन्मतारखा झाका.

पुढची यादी आली की जुन्याचं शीर्षक बदलून ‘अंतिम निवड यादी’ करायचा मोह होतो, कारण व्ह्यूज तिथेच असतात. आत मात्र मैदानीचेच गुण असतात. नवा व्हिडिओ करा आणि जुन्याच्या वर्णनात सगळ्यात वर त्याची लिंक टाका. जुन्या शीर्षकाला फक्त चूक दुरुस्त करायलाच हात लावा.