ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन ४७३: हा फरक आला कुठून?

प्रश्न: ब्रिटिश पाइंट बिअर म्हणजे नक्की किती मिली? हिशोब करताना कधी ५६८ येतं, कधी ४७३, आणि एकदा तर ५९१ आलं. आणि अमेरिकेचा पाइंट वेगळा का?

उत्तर:

५६८ मिली. दशांशापर्यंत हवं असेल तर ५६८.२६१२५. ४७३ हा अमेरिकेचा पाइंट, आणि तोही आपल्या जागी बरोबर आहे. ५९१ मात्र कुठल्याच देशाचा पाइंट नाही. हा आकडा बऱ्याच जणांना मिळतो, म्हणून आधी तो कसा येतो ते सांगतो.

ब्रिटिश पाइंटमध्ये २० द्रव औंस असतात, अमेरिकन पाइंटमध्ये १६. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण दोन्हीकडचा औंससुद्धा सारखा नाही. ब्रिटिश औंस २८.४१ मिलीचा आहे आणि अमेरिकन २९.५७ मिलीचा, म्हणजे पाइंट लहान असलेल्या देशाचा औंस मोठा. २० ला २८.४१ ने गुणलं की ५६८ येतात, १६ ला २९.५७ ने गुणलं की ४७३. तुम्ही २० औंस ब्रिटनचे घेतलेत आणि प्रत्येक औंसाचे मिली अमेरिकेचे, म्हणून ५९१ झाले. उलटी गल्लत झाली तर ४५५ येतात. त्यामुळे उत्तर ५९१ किंवा ४५५ च्या आसपास आलं, तर औंस कुठला धरला ते पुन्हा बघायचं. मी स्वतः औंसाच्या वाटेला जातच नाही. ब्रिटिश पाइंट असेल तर थेट ५६८ ने गुणतो, अर्ध्याला २८४ धरतो.

आता मूळ कारण. दोन्ही देशांत ८ पाइंटचा एक गॅलन होतो, त्यामुळे खरा फरक गॅलनमध्ये आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एकच गॅलन नव्हता. वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा होता, तर एल आणि बिअरचा गॅलन त्याहून बराच मोठा, २८२ घन इंचांचा. वाइनचा आकडा राणी ॲनच्या काळात, १७०७ च्या सुमारास, कायद्याने पक्का झाला. वाइनवर गॅलनच्या हिशोबाने जकात लागायची आणि गॅलन नेमका केवढा यावर व्यापारी आणि सरकार यांचं भांडण होतं, त्यातून हा कायदा आला. २३१ हा आकडा विचित्र वाटतो, पण सात इंच व्यासाचं आणि सहा इंच उंचीचं गोल भांडं घ्या, शाळेतल्यासारखा पाय २२/७ धरा आणि घनफळ काढा. बरोबर २३१ येतं.

अमेरिकेतल्या वसाहतींकडे ही दोन्ही मापं इंग्लंडमधूनच आली. स्वातंत्र्यानंतरही तिथल्या बंदरांवर मापांचा एकसारखेपणा नव्हता, त्यामुळे जकातीत फरक पडायचा. शेवटी १८३२ मध्ये तिथल्या अर्थखात्याने जकात नाक्यांसाठी एक गॅलन निवडला, तो २३१ घन इंचांचा. हे काम स्वित्झर्लंडहून आलेल्या फर्डिनांड हासलर या सर्वेक्षकाकडे होतं. पुढे हेच माप राज्यांकडे गेलं आणि बिअरचा वेगळा गॅलन तिथे मागे पडला. आज अमेरिकेत बिअर ज्या पाइंटने मोजतात, तो मुळात इंग्लंडचा वाइनचा पाइंट आहे.

ब्रिटनने मात्र १८२४ मध्ये कायदा करून वाइन आणि एल दोन्हींचे गॅलन रद्द केले आणि एकच नवा 'इंपीरियल' गॅलन आणला. १८२६ पासून तो अमलात आला. याची व्याख्या घन इंचांवरून केली नव्हती, पाण्याच्या वजनावरून केली होती: ६२ अंश फॅरनहाइटला दहा पौंड ऊर्ध्वपातित पाणी जितकी जागा व्यापेल, तितका एक गॅलन. दहा पौंड म्हणजे १६० औंस वजन. त्याचे आठ भाग केले की प्रत्येक पाइंटला २० औंस पाणी. ब्रिटिश पाइंटमध्ये २० औंस का, याचं उत्तर इतकं सरळ आहे. म्हणूनच एक ब्रिटिश द्रव औंस पाणी वजनालाही जवळपास एक औंस भरतं. अमेरिकन औंसाचं तसं नाही, कारण तो जुन्या वाइन गॅलनचे १२८ भाग करून आलेला आहे.

नवा गॅलन सुमारे २७७ घन इंचांचा झाला, म्हणजे जुन्या एल गॅलनच्या जवळ. जुना एल पाइंट आजच्या हिशोबात ५७७ मिलीच्या थोडा वर होता, त्यामुळे इंग्लंडमधल्या बिअर पिणाऱ्याच्या हातून जेमतेम ९ मिली गेले. अमेरिकेने पाइंट छोटा केला असं अनेकजण म्हणतात, ते मला पटत नाही. अमेरिकेने जुनंच माप धरून ठेवलं. ब्रिटनने आपलं बदललं, आणि तोवर अमेरिकेला वेगळं होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

हे झालं कागदावरचं. ग्लासात नेमकं किती पडतं, हे मी इंग्लंडमध्ये शिकत असताना पबच्या बारमागे काम केलं तेव्हा नीट कळलं. तिथे नळाची बिअर वाटेल त्या मापात विकता येत नाही. एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश पाइंट, नाहीतर अर्ध्याच्या पटीत, एवढंच चालतं. पाइंटच्या ग्लासवर मापाचा शिक्का असतो. काही ग्लास काठोकाठ भरल्यावर ५६८ मिली होतात, तर काहींना काठाच्या थोडं खाली रेघ असते आणि फेस रेघेच्या वर राहतो. गोंधळ काठोकाठच्या ग्लासात होतो, कारण फेसही त्याच ५६८ मध्ये मावतो. धंद्यातला मान्य संकेत असा की बिअर निदान ९५ टक्के तरी असावी, म्हणजे ५४० मिलीच्या खाली जाऊ नये. कमी वाटली तर 'टॉप अप' मागायचा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आम्ही मुकाट्याने भरून द्यायचो.

अमेरिकेत पाइंट किती भरायचा यावर असा देशभराचा नियम नाही. बारमधला नेहमीचा सरळ उभा ग्लास काठापर्यंत भरला तरच १६ औंस होतो, त्यामुळे फेस धरून बिअर ४७३ पेक्षा कमीच येते. काही ग्लासांचा तळ जाड असतो. बाहेरून ते तसेच दिसतात, पण त्यात १४ औंस, म्हणजे ४१४ मिलीच मावतात. घरी असलेल्या ग्लासची शंका असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. रिकामा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठापर्यंत पाणी भरा. ५६७ ग्रॅमच्या आसपास आलं तर ब्रिटिश पाइंट, ४७२ च्या आसपास आलं तर अमेरिकन.

ऑस्ट्रेलियात अॅडलेडला जाणार असाल तर तिथला 'पाइंट' ४२५ मिलीचा असतो. आणि आपल्याकडे बारमध्ये पाइंट म्हटलं की वेटर ३३० मिलीची बाटली आणतो. तिचा या दोन्ही पाइंटशी मापाने काहीही संबंध नाही, ब्रिटिश पाइंटपेक्षा ती २३८ मिलीने कमी आहे. आपल्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीतून एक पूर्ण ब्रिटिश पाइंट भरून वर ८२ मिली उरतात.