खाऊचा बॉक्स ‘थांबवा’ आणि ‘बंद करा’: पानावर नेमकं काय लिहायचं

“वकील मॅडम, मी नागपूरच्या प्रतापनगरातून दर महिन्याला खाऊचा बॉक्स पाठवते, चिवडा, लसूण शेव, शंकरपाळे, संत्रा बर्फी. महिन्याचे ९०० ऑटोपेने नाहीतर तीन महिन्यांचे २,४०० एकदम. बंद करायचं तर १ तारखेच्या ७ दिवस आधी फोन करायचा आणि २०० रुपये चार्ज, असा नियम आहे. पुण्याच्या एका ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बंद करा’ लिहिलं, आमच्याकडून राहून गेलं, दोन महिने पैसे कापले, आता त्यांची नोटीस आली. वेबसाइटवाला नवीन पान करून देतोय, त्यात ‘नको, मला घरची चव आवडत नाही’ असं बटण आहे. पॉज आणि कॅन्सलच्या पानावर काय लिहू? गिऱ्हाईक टिकायलाही पाहिजे आणि अडकल्यासारखंही वाटायला नको.”

ताई, आधी नोटिशीचं उरकून टाका. दोन महिन्यांचे १,८०० रुपये आजच परत करा, बॉक्स परत मागू नका, आणि ‘तुमचा मेसेज अमुक तारखेला आला होता, आमच्याकडून राहिला, पैसे परत केले, ऑटोपे बंद केलाय’ असं चार ओळीत लेखी कळवा. आमचा नियम फोनचाच होता असं उत्तर देऊ नका. त्यांनी लेखी कळवलं होतं, तुमच्याच नंबरवर कळवलं होतं, ग्राहक आयोगासमोर तेवढं पुरतं. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही लागत. म्हणजे त्या पुण्यात टाकणार आणि १,८०० रुपयांसाठी तुम्ही नागपूरहून पुण्याच्या तारखा करणार.

आता पानाचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या मांडणीच्या, गाइडलाइन्स काढल्या, त्यात तेरा प्रकार दिलेत आणि एक आहे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. बंद करणं अशक्य करणं किंवा लांबलचक, किचकट करणं, बंदचा पर्याय लपवून ठेवणं, त्याच्या सूचना संदिग्ध लिहिणं, हे सगळं त्यात येतं. आपण तर घरगुती माणसं, हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल असं समजू नका, ऑनलाइन माल विकणाऱ्या सगळ्यांना ते लागू आहे. बॉक्स सुरू होतो मोबाइलवर तीन टॅपमध्ये आणि बंद करायला ऑफिसच्या वेळेत फोन लावायचा, तर तो सरळ त्या व्याख्येत जातो. किती टॅप असावेत असा आकडा कायद्यात नाही, पण मी माझ्या अशिलांना एकच माप सांगते, ज्या रस्त्याने आत आले त्याच रस्त्याने आणि तेवढ्याच वेळात बाहेर जाता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेता ना, मग व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘बंद करा’ पण धरावंच लागेल.

तुमच्या नियमातलं सगळ्यात दुखणारं मला ते ७ दिवस वाटतात, २०० रुपये नाही. कसं ते पाहा. ९०० रुपये म्हणजे १५,००० च्या खालची रक्कम, त्यामुळे दर महिन्याला ओटीपी येत नाही, ग्राहकाला आठवण राहते ती फक्त पैसे कापायच्या आधीच्या मेसेजची, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तो मेसेज किमान २४ तास आधी जावा लागतो. तुम्ही १ तारखेला पैसे घेता म्हणजे तो मेसेज महिन्याच्या शेवटच्या एकदोन दिवसात येतो, आणि तुमची मुदत तर पाचसहा दिवस आधीच संपलेली असते! ज्या दिवशी माणसाला आठवतं त्या दिवशी दार बंद. मग तो काय करतो, यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेच रद्द करतो, तो हक्क त्याला आहेच, आणि तुम्ही तोवर इतवारीतून शेंगदाणे, बेसन, तेल आणून बसलेल्या असता. म्हणजे ७ दिवसांचा नियम तुम्हालाही वाचवत नाही आणि ग्राहकालाही चिडवतो.

त्यापेक्षा तारखाच हलवा. पैसे १ ला कापले जातात, बदल करायची मुदत २ च्या रात्री १२ पर्यंत, माल ३ ला आणायचा, ४ आणि ५ ला तळण, ६ ला बॉक्स रवाना. १ ला पैसे कापल्याचा मेसेज पाहून कोणी २ ला बंद म्हटलं तर पूर्ण ९०० परत, तुमचं काहीच खर्च झालेलं नसतं. ३ पासून पुढे म्हटलं तर या महिन्याचा बॉक्स जाईल आणि पुढचे बंद, आणि कारण तसंच लिहा की ३ तारखेला माल आणतो म्हणून. खरं कारण असलेली मुदत कोणालाही पटते, आयोगालाही.

२०० चा चार्ज काढून टाका. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये नियम ४(८) आहे, ग्राहकाने रद्द केलं म्हणून चार्ज तेव्हाच घेता येतो जेव्हा तुम्ही स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर तसाच चार्ज तुम्हीही भरता. मागे पावसात माल अडकला म्हणून तुम्ही एखादा महिना बॉक्स रद्द केला असेल तर तेव्हा प्रत्येकाला २०० दिले होते का? नसतील तर तुम्हालाही घेता येत नाहीत.

तीन महिन्यांच्या २,४०० चं वेगळं आहे, इथे मात्र तुमचाही न्याय आहे. एक बॉक्स ८०० ने पडतो तो तीन घेतले म्हणून. कोणी एका बॉक्सनंतर थांबलं तर मिळालेला एक बॉक्स सुट्या भावाने धरायचा, ९००, आणि २,४०० मधून ९०० वजा करून १,५०० परत. दोन बॉक्सनंतर थांबलं तर १,८०० वजा, ६०० परत. हा दंड नाही, लागू न झालेली सूट परत घेणं आहे. पण दोन अटी. हे गणित पैसे भरायच्या आधी, त्याच स्क्रीनवर दिसलं पाहिजे, नंतर शर्तींच्या पानात पुरून चालणार नाही. आणि ९०० चा सुटा बॉक्स तुम्ही खरोखर लोकांना ९०० ला विकत असला पाहिजे. वजाबाकी मोठी दिसावी म्हणून कागदावर १,२०० लिहिलेत आणि त्या भावाने कोणीच घेत नसेल तर तो दंडच आहे, फक्त दुसऱ्या नावाने.

ते बटण, ‘नको, मला घरची चव आवडत नाही’, ते आजच काढायला सांगा. माणसाला लाज किंवा अपराधी वाटेल असं लिहून त्याचा निर्णय फिरवायचा, याला गाइडलाइन्समध्ये कन्फर्म शेमिंग म्हणतात आणि तो वेगळा प्रकार मोजला आहे. शिवाय मला ते मनापासून खटकलं. एखादीच्या घरी आजारपण आहे, पैशाची ओढाताण आहे, ती आधीच वाईट वाटूनच बंद करते, तिच्याकडून वर हे वदवून घ्यायचं? साधं ‘बंद करा’ लिहा. ‘थांबवा’ गडद केशरी आणि ‘बंद करा’ फिकट राखाडी बारीक अक्षरात, हेही नको, दोन्ही बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची. सवलत द्यायची असेल तर एकदाच द्या आणि तिच्या खाली ‘बंद करा’ दिसत राहू द्या. नाही म्हटल्यावर पुन्हा दुसरी ऑफर, मग तिसरी, मग फोन, तो सतत मागे लागण्याचा प्रकार झाला, तोही त्या तेरामध्ये आहे. बंद करायचं कारण विचारा, पण न सांगता पुढे जाता आलं पाहिजे.

गिऱ्हाईक टिकवायचं काम ‘थांबवा’ करतं, म्हणून तिथे जीव ओता. आपल्याकडे लोक कशासाठी थांबतात ते तुम्हालाच माहीत आहे, मे महिन्यात ४५ अंशात तळलेलं नको होतं, कोणी सुट्टीत गावी जातं, कोणाच्या घरी श्रावण असतो. त्यांना कायमचं सोडायचं नसतं, पण ‘थांबवा’ सापडलं नाही की ते ‘बंद’ करतात. गोची एकच, थांबवलेलं परत सुरू कसं होतं. न सांगता परत पैसे कापले तर तीच नोटीस पुन्हा येईल. म्हणून परत सुरू व्हायची तारीख बटणाखालीच दाखवा, आणि पैसे कापायच्या ५ दिवस आधी तुमचा स्वतःचा मेसेज जाऊ द्या, बँकेच्या मेसेजवर विसंबू नका. कोणी पुन्हा पुन्हा थांबवून तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबलं असेल तर मी म्हणेन आपोआप सुरूच करू नका, ‘परत सुरू करायचं का’ विचारा आणि हो आलं तरच पैसे घ्या. असं करा म्हणून कायद्यात नेमकं कुठे लिहिलेलं नाही, पण भांडण इथूनच सुरू होतं हे मी पाहिलंय. २,४०० वाल्यांचे बॉक्स फक्त पुढे सरकतील, बुडणार नाहीत, हेही लिहा.

पानावरचा मजकूर साधारण असा ठेवा, तारखा जुलैच्या घेतल्यात:

> तुमचा पुढचा बॉक्स ६ जुलैला निघेल. १ जुलैला ₹९०० कापले जातील.
>
> थांबवा. एक, दोन किंवा तीन महिने. तोवर पैसे कापले जाणार नाहीत. परत सुरू व्हायच्या ५ दिवस आधी आम्ही मेसेज करू, तेव्हाही बंद करता येईल.
>
> बंद करा. २ जुलैच्या रात्री १२ पर्यंत केलं तर या महिन्याचे पूर्ण पैसे परत. नंतर केलं तर जुलैचा बॉक्स येईल, कारण ३ तारखेला माल आणलेला असतो. ऑगस्टपासून काही कापलं जाणार नाही.
>
> तीन महिन्यांचा प्लॅन असेल तर: मिळालेले बॉक्स प्रत्येकी ₹९०० धरून उरलेले पैसे परत.

‘बंद करा’ दाबल्यावर एकदाच विचारायचं, ‘बॉक्स बंद करायचा?’, उत्तरं ‘हो, बंद करा’ आणि ‘नाही, चालू ठेवा’. वेबसाइटवाले इथे ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’ अशी बटणं ठेवतात, मग काय रद्द होतंय, बॉक्स की बंद करणं, हेच माणसाला कळत नाही. त्यानंतर लगेच मेसेज, तारीख, वेळ आणि किती पैसे परत येणार यासह.

आणि एक काम वेबसाइटवाल्याकडून समोर बसून करून घ्या. पानावर ‘बंद झालं’ दिसतं पण तुमच्यासाठी पैसे कापणाऱ्या पेमेंट गेटवेकडे ऑटोपेची परवानगी तशीच जिवंत राहते, असं होतं, आणि मग पुढच्या १ ला पैसे जातात. घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून बॉक्स घ्या, बंद करा, आणि मग त्याच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत तुमचं नाव अजून चालू दिसतं का ते पाहा. ‘थांबवा’ ला परवानगी राहील, फक्त पैसे मागायचे नाहीत, पण ‘बंद’ ला ती गेलीच पाहिजे. उलट बाजूही तपासा, कोणी अ‍ॅपमधून परवानगी काढली तर तुमच्याकडे तो ग्राहक बंद धरला जाऊन त्याला तसा मेसेज जायला हवा, नाहीतर तुम्ही बॉक्स पाठवाल आणि पैसे यायचे नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘बंद करा’ कोण पाहतं ते आजच ठरवा, आणि तक्रारीसाठी एका माणसाचं नाव, फोन, ईमेल पानाच्या तळाशी टाका. त्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासात द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाली काढावी लागते. पुण्याच्या ताईंना पैसे पाठवल्याची पावती आणि उत्तराची प्रत मला आणून द्या, नोटीस पुढे गेलीच तर तीच दोन कागदं आधी लागतील.