शेजारच्या सोकपिटाचं पाणी विहिरीत उतरतंय

"आमचं घर फोंडा तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी घर वाढवलं आणि आमच्या कुंपणाला लागून संडासाचं नवीन सोकपिट घातलं. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की विहिरीच्या पाण्याला वास येतो. पंचायतीत दोनदा अर्ज दिला. ते म्हणतात, बांधकामाला परवाना आहे. कोर्टात जाऊन काही मिळतं का, की नुसतं वैर पदरी पडतं?"

मिळतं. परवाना दाखवून शेजारी सुटत नाही. परवाना बांधकामाला असतो, दुसऱ्याची विहीर नासवायला नाही. 1885 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बॅलार्ड विरुद्ध टॉमलिन्सन या खटल्यात हेच सांगितलं. भूगर्भातलं पाणी कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नसलं, तरी आपल्या जमिनीतून सांडपाणी सोडून शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी दूषित करणारा जबाबदार ठरतो. आपल्या दिवाणी न्यायालयांत खासगी उपद्रवाचा दावा याच तत्त्वावर चालतो. पण असा दावा उभा राहतो तो पुराव्यावर, आणि तो पुरावा वर्षातले मोजकेच महिने हाती लागतो.

डिचोली तालुक्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं. ते आमच्याकडे आले तेव्हा हातात पाण्याचा एक अहवाल होता आणि तो त्यांच्याच विरोधात जात होता. नमुना त्यांनी एप्रिलमध्ये घेतला होता. आदल्याच आठवड्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती, आणि बाटली मिनरल वॉटरची, घरी धुतलेली. अहवालात जंतू नाहीत. शेजारी तोच कागद पंचायतीत दाखवत फिरत होता.

असं का झालं हे समजून घ्या. जमिनीखालचा आपला चिरा दगड सच्छिद्र असतो, त्यात भेगाही असतात. उन्हाळ्यात भूजल खाली गेलेलं असतं, त्यामुळे सोकपिटातलं पाणी कोरड्या जमिनीच्या बऱ्याच थरांतून गाळत उतरतं. जुलैपर्यंत पातळी वर येऊन खड्ड्याच्या तळाला भिडते. मग गाळणं होत नाही, मैलापाणी भेगांमधून थेट विहिरीकडे वाहतं. म्हणून नमुना भर पावसाळ्यातच घ्यायचा, आणि त्याआधी विहिरीत क्लोरीन पडलेलं नसावं. बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक हवी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या हातून नमुना घ्या, कारण तुम्ही स्वतः भरलेल्या बाटलीवर उलटतपासणीत सगळ्यात आधी बोट ठेवलं जातं.

या जोडप्याने जुलैमध्ये दोन नमुने दिले, एक आपल्या विहिरीचा आणि दुसरा चढावर, सोकपिटाच्या वरच्या बाजूला असलेल्या नातेवाइकांच्या विहिरीचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. वरची विहीर स्वच्छ निघाली, यांची दूषित. एकट्या दूषित अहवालावर शेजारी म्हणू शकतो की तुमचाच संडास गळतोय. म्हणून आपली सेप्टिक टँकही आधी उपसून तपासून घ्यावी. त्यांनी ती घेतली होती, आणि तो खर्च पुढे फार कामाला आला.

त्यानंतर वकिलाची नोटीस गेली. गोव्यात बहुतेक जोडप्यांची मालमत्ता कायद्याने सामायिक असते, म्हणून नोटीस आणि दावा शेजारी पती-पत्नी दोघांच्या नावे असावा. एकाचं नाव सुटलं की तोच मुद्दा काढून महिने जातात. तुमच्या बाजूने मात्र घर सासऱ्यांच्या नावे असलं तरी अडत नाही. उपद्रवाचा दावा प्रत्यक्ष ताबा असलेल्यालाही करता येतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि घरपट्टीची पावती जोडा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दाव्यात तीन गोष्टी मागायच्या. मैलापाणी आपल्या बाजूला येऊ देऊ नये असा कायमचा मनाई हुकूम, सोकपिट बंद करून दुसरीकडे हलवण्याचा आज्ञार्थी हुकूम, आणि नुकसानभरपाई. भरपाई दाव्यात सुरुवातीलाच लिहा. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 40 नुसार ती मागितलेलीच नसेल तर न्यायालय देत नाही. दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पण तोवर वेळ जातो.

तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जात लोक हमखास चुकतात. "सोकपिट आजच बंद करा" असं मागतात. न्यायालय तेव्हा दोन्ही घरांची गैरसोय तोलतं, आणि शेजारच्या घरातला एकुलता संडास बंद करायला सहसा तयार होत नाही. या जोडप्याने एवढंच मागितलं की निकाल लागेपर्यंत टाकी वेळेवर टँकरने उपसावी आणि खड्डा भरून वाहू देऊ नये. ते मिळालं. कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्जही मंजूर झाला. "कमिशनरकरवी पुरावा गोळा करतायत" अशी हरकत आलीच होती. पण दोन अहवाल आधीच दाखल असल्यामुळे कमिशनरने मुख्यतः जागा पाहून अंतर मोजायचं होतं. विहिरीच्या कडेपासून खड्ड्याच्या कडेपर्यंत अंतर भरलं 7 मीटर. संडासात रंग टाकून तो विहिरीत उतरतो का, हेही कमिशनरसमोर पाहिलं. तिसऱ्या दिवशी विहिरीत हिरवट झाक दिसली. त्यानंतर शेजाऱ्यांच्या वकिलांनी स्वतःहून तडजोडीचा विषय काढला.

भरपाईत मात्र या जोडप्याला कमी मिळालं. विहीर उपसण्याची आणि डॉक्टरांची बिलं होती. पाण्याच्या जारांचा हिशेब वहीत होता, पण पावत्या एकाच महिन्याच्या. मागणी 31,840 रुपयांची होती, तडजोड 18,000 वर झाली. तुम्ही आजपासून प्रत्येक जारची पावती घ्या.

उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. पाणी झिरपतंय तोवर उपद्रव चालूच आहे आणि मुदत रोज नव्याने सुरू होते. भरपाई मात्र मागच्या तीन वर्षांपलीकडची धरू नका. आणि सगळं दिसत असताना गप्प राहिलात तर तुमची मूक संमती होती असं शेजारी म्हणू शकतो, आणि त्या कारणावरून मनाई हुकूम नाकारताही येतो. पंचायतीतले तुमचे दोन अर्ज याला उत्तर आहेत. त्यांच्या पोचपावत्या जपा.

तडजोड पंचायतीच्या ओट्यावर किंवा देवळात नारळावर हात ठेवून करू नका. माणसं शब्द पाळतातही, पण उद्या घर विकलं की नवा मालक तो शब्द ओळखत नाही. अटी न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूमनामा घ्या. तो मोडला तर मालमत्तेवर जप्ती किंवा दिवाणी कैद मागता येते. या जोडप्याच्या हुकूमनाम्यात नवीन खड्डा विरुद्ध बाजूला घालायचा, जुना उपसून चुना टाकून मातीने भरायचा, आणि हे सगळं 31 मेच्या आत, असं लिहिलं होतं. पाऊस लागला की खणकाम थांबतं, म्हणून तारीख ही.

खड्डा बंद झाल्यावरही मातीत मुरलेली घाण पुढचा पावसाळा काही काळ उतरत राहते. म्हणून त्यांनी विहीर उपसून क्लोरीन टाकलं तरी पुढच्या पूर्ण पावसाळ्यात पाणी उकळूनच वापरलं आणि जुलै व सप्टेंबरमध्ये पुन्हा नमुने दिले. जुलैचा अहवाल खराब आला, सप्टेंबरचा स्वच्छ.