साडेचौदा गुण आणि एक नाड

"ताई, मुलीला चांगलं स्थळ आलंय, पोरांनी एकमेकांना पसंत पण केलंय. पण गुण फक्त साडेचौदा जुळतात, त्यात एक नाड आणि षडाष्टक. गुरुजी नको म्हणतात. सगळं माहीत असून लग्न लावलं आणि पुढे काही वाईट झालं तर?"

हे विचारणारी आई सातपूरहून आली होती, सोबत वडील आणि मुलगी. वडिलांनी चौघडी केलेला कागद टेबलावर उलगडला, 14.5 भोवती लाल पेनाने तीनतीनदा गोल केलेला. मी ज्योतिषी नाही, विवाहपूर्व समुपदेशन करते, पण आमच्या आजोबांकडे पंचांग बघायला लोक यायचे त्यामुळे गुणमेलनाचं कोष्टक मला वाचता येतं. म्हटलं, बेरीज बाजूला ठेवू, आधी गुण कुठे गेले ते बघू.

गुण मोजायला अख्खी पत्रिका लागत नाही, फक्त दोघांच्या जन्मावेळी चंद्र कुठे होता तेवढंच लागतं, म्हणजे नक्षत्र आणि रास. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या जवळपास सगळ्या बाळांचे गुण कोणाशीही तेवढेच जुळणार. स्वभाव, शिक्षण, घरचं वळण यातलं काहीच त्या आकड्यात नसतं, आणि लग्न रास, सप्तम स्थान, मंगळ हे पण नसतं. मुलीचे वडील इथे थोडे चमकले, त्यांना वाटत होतं पूर्ण पत्रिका तपासून साडेचौदा आले.

आठ कूटं आहेत आणि त्यांचे गुण चढत जातात. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशीकूट 7, नाडी 8, झाले 36. म्हणजे शेवटची दोनच कूटं मिळून 15 गुणांची आहेत, ती दोन्ही गेली की बाकी सगळं पैकीच्या पैकी मिळालं तरी 21 च्या वर जाताच येत नाही. आणि पास व्हायला 18 लागतात.

मुलगी रोहिणीची, वृषभ रास. मुलगा स्वातीचा, तूळ रास. मी मुलीच्याच हातात पेन्सिल दिली. वर्णात शून्य, कारण मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा लागतो आणि इथे उलट आहे (हे वर्ण राशीचे असतात, जातीशी संबंध नाही). वश्य 1, योनी 1. या दोन कूटांची कोष्टकं सगळीकडे तंतोतंत एक नसतात म्हणून एका ॲपवर साडेचौदा आणि दुसऱ्यावर साडेपंधरा असं होतं, त्याने घाबरू नका. तारेसाठी तिने बोटांवर मोजलं, रोहिणीपासून स्वाती बारावं, नऊने भागून उरले 3, ही विपत् तारा, चालत नाही, मग स्वातीपासून रोहिणी सतरावं, उरले 8, ही चालते, म्हणून तीनातले दीड. ग्रहमैत्रीत पूर्ण 5, दोन्ही राशींचा स्वामी शुक्रच. मुलगा देवगणी, मुलगी मनुष्यगणी, पूर्ण 6. बेरीज झाली साडेचौदा, आणि राशीकूट आणि नाडी दोन्हीत भोपळा.

आता बघा, ग्रहमैत्री आणि गण ही स्वभाव जुळण्याची कूटं मानतात आणि तिथे या दोघांना 11 पैकी 11 आहेत. हे त्या लाल गोलात दिसतच नाही ना!

वृषभ आणि तूळ एकमेकांपासून सहावी-आठवी, म्हणून षडाष्टक. पण स्वामी एकच असेल तर शास्त्रातच त्याला प्रीती षडाष्टक म्हणतात आणि दोष धरत नाहीत. कोष्टक मात्र शून्यच दाखवतं, अपवाद माणसाने बघायचा असतो. तसंही 2-12, 5-9 आणि 6-8 अशा सगळ्या जोड्यांना शून्य असतं, म्हणजे बारा राशी घेतल्या तर कोणत्याही राशीला निम्म्या राशी चालतच नाहीत.

राहिली नाडी. त्याचा अपवाद इथे लागत नाही, हे मी स्पष्टच सांगितलं. रास एक पण नक्षत्र वेगळं, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळं असेल तर सोडतात, इथे तसं काही नाही, दोघांची अंत्य नाडीच. जन्मवेळही तपासली, कारण चंद्र नक्षत्राच्या काठावर असला तर दहा मिनिटांनी नाडी बदलू शकते, पण दोघांचाही चंद्र नक्षत्राच्या मध्यावर होता. म्हणजे एक नाड आहेच. पण 27 नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, तेव्हा कुठलीही तीन स्थळं बघा, सरासरी एकात एक नाड निघणारच.

एवढं सगळं झाल्यावरही आईचा चेहरा सैल होईना. मी विचारलं, एक नाड म्हटल्यावर डोळ्यासमोर कोण येतं? बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, माझी जाऊ. तिचीही एक नाड होती, पहिलं बाळ नीट झालं आणि नंतरची दोन सातव्या-आठव्या महिन्यात गेली, सासूबाई शेवटपर्यंत पत्रिकेलाच बोल लावत होत्या. मी विचारलं डॉक्टर काय म्हणाले होते, तर म्हणे तिचं रक्त निगेटिव्ह आहे असं काहीतरी.

मला तिथेच थांबावंसं वाटलं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिलं बाळ बहुतेक सुखरूप येतं, पण तेव्हा आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि ती पुढच्या बाळांवर उलटतात. त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत देतात. त्या माऊलीच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी खोलीत बसून ठरवू शकत नाही, पण कारण रक्तात शोधायला हवं होतं. आणि दोघांचा रक्तगट एक म्हणजे एक नाड असं जे पसरलंय ते सोडून द्या, रक्तगट एक असल्याने काही बिघडत नाही.

म्हणून मी त्यांना तीन गोष्टी करायला सांगितल्या. दोघांचा रक्तगट, आरएचसकट. एचपीएलसी नावाची तपासणी, तीत बीटा थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हीचे वाहक कळतात. एक वाहक असेल तर लग्नाला अडचण नाही, दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याचा 25 टक्के धोका असतो आणि मग आधी जनुकीय सल्ला घ्यायचा. तिसरी गोष्ट, मुलाच्या पूर्ण पत्रिकेत सप्तम स्थान दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण आधी दोघांनी कर्ज, नोकरी आणि कुठे राहायचं यावर दोन तास बोला.

आई म्हणाल्या, रिपोर्ट चांगले आले तरी माझ्या मनातून नाही गेलं तर? मी म्हटलं, तर नाही म्हणा, पण एक नाड म्हणून नाही, मला भीती वाटते म्हणून, आणि ते मुलीला समोर बसवून सांगा.

तीन आठवड्यांनी मुलगी एकटीच आली. दोघं वाहक नाहीत, तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह, मुलाचा बी पॉझिटिव्ह. म्हणजे एक नाड मोजून जे कधीच कळलं नसतं ते कळलं. अँटी-डी हा शब्द तिने मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि आईने तोच शब्द कॅलेंडरच्या मागच्या पानावर. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे, मुलाच्या आजीचा हट्ट म्हणून आधी घरी छोटी शांती करणार आहेत.